सोडलेल्या चिंध्या

त्या कॅनमध्ये आम्ल मी ओतलं होतं. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

लोणावळ्याजवळच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो. प्रयोगशाळेतलं टाकाऊ रसायन वेगळं करून ठेवायचं काम आमच्या मावशींकडे होतं. त्या जवळच्या बेडसे गावच्या, हंगामी कामावर. एक कॅन आम्लांचा, एक अ‍ॅसिटोन-अल्कोहोलचा आणि क्लोरोफॉर्मसारख्या क्लोरीनवाल्या द्रवांचा तिसरा. लेबलं इंग्रजीत होती. मावशींना मराठी उत्तम वाचता यायचं, इंग्रजी नाही. म्हणून त्यांनी कॅनच्या गळ्यात जुन्या साड्यांच्या चिंध्या बांधल्या होत्या. आम्लाला लाल, अ‍ॅसिटोनच्या कॅनला हिरवी, क्लोरीनवाल्याला काळी. मुलंही लेबल न वाचता चिंधीच बघायची. एवढ्या वर्षांत एकदाही चूक झाली नाही.

आम्लाचा कॅन भरत आला की मावशी मला बोलवायच्या. बादलीभर पाण्यात आम्ल हळूहळू ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. मग चिमटीचिमटीनं खायचा सोडा. फेस थांबला की पीएचचा कागद बुडवायचा. "सातापाशी आलं का बगा, सर. मगच मोरीत," त्या म्हणायच्या. शिसं, क्रोमियम असलेलं आम्ल मात्र मोरीत नाही, त्याची बाटली निराळी. उरलेले दोन, सॉल्व्हंटचे कॅन रसायनांच्या विल्हेवाटीची गाडी नेई.

एकदा तपासणी समिती येणार होती. सकाळी मी त्या चिंध्या पाहिल्या आणि मला लाज वाटली. आज त्या लाजेचीच लाज वाटते. मावशी पाणी भरायला गेल्या होत्या तेवढ्यात मी चिंध्या सोडून कचऱ्यात टाकल्या आणि तिन्ही कॅन धूर बाहेर ओढणाऱ्या पंख्याच्या कपाटात नीट ओळीनं लावले. लावताना त्यांच्या जागा बदलल्या, हे लक्षातही आलं नाही. तेवढ्यात टेबलावर नायट्रिक आम्ल उरलेलं चंचुपात्र दिसलं. समिती जिन्यात होती. लेबल न वाचता, डावीकडचा कॅन आम्लाचाच असं धरून मी ते ओतलं आणि झाकण घट्ट पिळलं. त्या जागी आता अ‍ॅसिटोनचा कॅन होता, आणि त्यात नायट्रिक पडलं की तापून वायू सुटतो.

समितीला घेऊन मी चहाला गेलो. थोड्या वेळानं मावशी धापा टाकत आल्या.

"सर, कॅन फुगलाय. सूं सूं करतोय. पोरं भाईर काढलीत म्या, ग्यासची मेन चावी बंद केलीय. पंखा चालूच ठिवलाय."

आम्ही दाराशी पोचेपर्यंत झाकण उडालं. तपकिरी धूर आला, कपाटातून फरशीवर द्रव सांडला. दार ओढून घेताना मावशींच्या मनगटावर शिंतोडा उडाला. मी त्यांचा हात व्हरांड्यातल्या नळाखाली धरला, पंधरा मिनिटं. त्या म्हणाल्या, "तुम्ही का घाबरलात? भाजलंय मला."

धूर पूर्ण निवळल्यावरच आम्ही गॉगल, हातमोजे, एप्रन घालून आत गेलो. शिपाई लाकडाचा भुसा घेऊन आला.

"भुसा न्हाई," मावशींनी अडवलं. "तपकिरी धूर नायट्रिकचा, पेटंल."

त्यांनी सांडल्याभोवती वाळूचा बांध घातला, मग कडेपासून मध्याकडे सोडा टाकत गेल्या. फसफस थांबली. पीएचचा कागद हिरवा आला, म्हणजे सातापाशी. ते सगळं प्लास्टिकच्या सुपलीनं वेगळ्या डब्यात भरलं आणि झाकण सैल ठेवलं. हे मीच त्यांना शिकवलं होतं. त्या दिवशी मी नुसता सुपली धरून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी लेखी अहवाल मागितला. मी लिहिलं, "कर्मचाऱ्यास इंग्रजी लेबल वाचता येत नसल्याने आम्ल चुकीच्या कॅनमध्ये पडले असावे." 'असावे' हा शब्द मी मुद्दाम घातला, खोटं लिहितोय असं वाटू नये म्हणून. मावशींना कायम करण्याचा कागद त्याच महिन्यात सहीला जाणार होता. तो गेला नाही. पुढच्या सत्रात त्यांना बोलावलंच नाही.

त्या हल्ली कार्ल्याच्या फाट्यावर मक्याची कणसं भाजतात. परवा गाडी थांबवली. त्यांच्या मनगटावर भाजल्याचा डाग अजून आहे.

"आता कॅनला काय बांदता?" त्यांनी कणीस फिरवत विचारलं.

"काही नाही."

"मंग चुकणारच की कुणीतरी." लिंबाची फोड उचलून म्हणाल्या, "त्या चिंध्या मला कचऱ्यात गावल्या व्हत्या, सर. त्याच दिवशी."

त्यांनी कणसाला लिंबू-मीठ चोळलं आणि माझ्या हातात दिलं.

मी त्यांना एक पत्र देणं लागतो. प्राचार्यांच्या नावानं, माझ्या सहीचं: चिंध्या मी सोडल्या, आम्ल चुकीच्या कॅनमध्ये मी ओतलं, अहवाल खोटा होता. त्याची एक प्रत फाट्यावर नेऊन, त्यांना मराठीत वाचता येईल अशी, त्यांच्या हातात द्यायची आहे. ते अजून दिलेलं नाही.