सत्तावीस मेपर्यंत मागे

संघमित्रा सोनगीरहून रोज सकाळी साडेआठच्या एसटीने धुळ्याला येते. साक्री रोडला कर्णबधिर मुलांची एक छोटी शाळा आहे, तिथे ती ऑफिस सांभाळते. तिच्या नेमणुकीच्या पत्रावर 'लिपिक (तात्पुरती)' असं लिहिलेलं आहे. त्या पत्राला नऊ वर्षं झाली. वडील वाल्मीक एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. घरात पहिला कॉम्प्युटर आला तोही तिच्या पगारातूनच, जुना, दुसऱ्याने वापरलेला.

तिची एक सवय शाळेत सगळ्यांना माहीत आहे. कुठलीही गोष्ट हलवायच्या आधी ती कागदावर लिहून काढते की आता काय कुठे आहे. कपाट हलवायचं असलं तरी. मुख्याध्यापक योगराज सर त्यावरून तिची थट्टा करत. "संघमित्रा, टेबल हलवायला पण पंचनामा करशील." ती हसायची आणि लिहीत राहायची.

शाळेतली सगळ्यात जुनी शिक्षिका म्हणजे प्रमिलाबाई. त्या अकरा वर्षं दर महिन्याला प्रत्येक मुलाचा आवाज रेकॉर्ड करत आल्या होत्या. मूल दाखल होतं तेव्हा त्याला नीट 'आ' सुद्धा काढता येत नाही. मग 'आई', मग 'पाणी', मग स्वतःचं नाव. सगळं फोनवर रेकॉर्ड करायचं आणि शाळेच्या क्लाउड ड्राइव्हवर मुलाच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचं. चौऱ्याहत्तर मुलांची मिळून सहा हजारांच्या आसपास रेकॉर्डिंग्ज. ड्राइव्ह शाळेच्या ऑफिसच्या खात्यावर होता, म्हणजे संघमित्राच्या हाताखाली. बाईंच्या लॅपटॉपवर फक्त 'आवाज' आणि 'हस्तांतरण' ही दोन फोल्डरं जोडून दिलेली होती.

एकतीस मेला प्रमिलाबाई निवृत्त झाल्या. तीस तारखेला त्यांनी लॅपटॉप पुसून, पिशवीत घालून, सही करून जमा केला. शाळेला सुट्टी होती. निरोपाचा कार्यक्रम शाळा उघडल्यावर करू, असं ठरलं.

शाळा सोळा जूनला उघडली. एकोणीस तारखेला सकाळी वना नावाचा शेतकरी शिंदखेडा तालुक्यातून मुलीला घेऊन आला. मुलगी दिपमाला, नऊ वर्षांची. तिच्या कानात बसवलेल्या यंत्राची सेटिंग बदलायची होती. नाशिकच्या डॉक्टरांनी आधीच्या तीन वर्षांचा आवाज ऐकायला मागितला होता. नवीन ऑडिओलॉजिस्ट कामिनी तीन जूनलाच रुजू झाली होती. सुट्टीतही ती गावोगावच्या शिबिरांत कान तपासत फिरत होती. तिने 'आवाज' फोल्डर उघडलं. आत एकच फोल्डर होतं, त्याचं नाव 'एकत्र'. ते रिकामं होतं.

तिने संघमित्राला हाक मारली. संघमित्राने पाहिलं, बाहेर येऊन पुन्हा आत गेली, पुन्हा पाहिलं. फरक पडला नाही.

वना दारात उभा होता. त्याला स्क्रीनवरचं कळत नव्हतं, पण चेहरे कळत होते.

"बठ्ठं गयं का वो ताई?"

"सगळं गेलं की नाही, मी बघते. तुम्ही बसा," संघमित्रा म्हणाली. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

ऑफिसच्या मेलमध्ये एक मेल पडलेला सापडला, तीस मेचा. तुमच्या ड्राइव्हवरून मोठ्या संख्येने फाइली डिलीट झाल्या आहेत, हे तुम्ही केलंत का, अशा अर्थाचा. सुट्टीत तो कोणी उघडलाच नव्हता. सुट्टीत मेल बघणं हे तिच्या कामात नव्हतं. तरीही ती त्या मेलकडे जरा वेळ पाहत बसली.

मग तिने रिसायकल बिन उघडलं. फाइली तिथे होत्या, पण मोजल्यावर चार हजार शंभर भरल्या. उरलेल्या कुठे गेल्या ते तिला कळेना. सेटिंग्जमध्ये अख्खा ड्राइव्ह मागच्या तारखेला नेण्याची सोय आहे, हे तिने एका प्रशिक्षणात ऐकलं होतं, वापरलं कधी नव्हतं. तिने ते पान उघडलं. वर तीस दिवसांचा आलेख होता, रोजची एक काडी. बहुतेक काड्या बोटभर होत्या. अठ्ठावीस आणि एकोणतीस मेच्या जरा उंच, आणि तीस मेची एकच ताडासारखी. खाली यादी होती: कोणत्या फाइलचं काय झालं, केव्हा, कोणी. हजारो ओळी, आणि सगळ्यांपुढे नाव प्रमिलाबाईंचं.

तिने यादी खाली सरकवत नेली तेव्हा उरलेल्या फाइलींचा उलगडा झाला. अठ्ठावीस आणि एकोणतीसला बाईंनी बऱ्याच मुलांच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये आणल्या होत्या. फाइलींची नावं सारखीच होती, 'जानेवारी २०२४', 'फेब्रुवारी २०२४' अशी. एका मुलाच्या जानेवारीवर दुसऱ्याचा जानेवारी बसला होता. बिनमधून नुसत्या परत काढल्या असत्या तर कुठला आवाज कोणाचा, हे देवालाही सांगता आलं नसतं. सत्तावीस मेच्या संध्याकाळपर्यंत सगळं जागच्या जागी होतं. मागे जायचं तर तिथपर्यंतच जायला हवं होतं.

तिने सत्तावीसच्या शेवटच्या नोंदीनंतरची पहिली ओळ निवडली. तिच्या वरच्या सगळ्या ओळी आपोआप निवडल्या गेल्या, अगदी आज सकाळपर्यंतच्या. त्यांत कामिनीच्या शिबिरांचे त्रेचाळीस रिपोर्ट होते.

"म्हणजे माझंही जाणार?" कामिनीने विचारलं.

"जाणार नाही, बिनमध्ये पडेल. पण तुम्ही आधीच कॉपी करून ठेवा, ड्राइव्हच्या बाहेर. एकेक उघडून बघा, आलंय की नाही."

योगराज सर तोवर येऊन मागे उभे राहिले होते. "आपल्याला फक्त ते फोल्डर नाही का मागे नेता येत?"

"नाही सर. ड्राइव्ह अख्खा मागे जातो. आणि तीस दिवसांच्या पलीकडे जात नाही. आज तेवीस दिवस झालेत."

"मग कर ना आत्ताच. बटण तर समोर आहे." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "कोणी केलं हे?"

"बाईंच्या लॅपटॉपवरून झालंय. नाव आहे समोर."

 सरांनी चष्मा काढला, पुसला आणि केबिनमध्ये निघून गेले.

संघमित्राने बटण दाबलं नाही. तिने कागद घेतला आणि सत्तावीसनंतर ड्राइव्हवर नवीन काय तयार झालं ते यादीतून उतरवायला घेतलं. तासभर लागला. त्यात एकोणतीस मेला प्रमिलाबाईंनी 'हस्तांतरण' फोल्डरमध्ये तयार केलेल्या चौदा फाइली होत्या. त्या डिलीट झाल्या नव्हत्या. शाळेत त्या कोणी उघडल्याही नव्हत्या. तिने पहिली उघडली. मथळ्यात एका मुलाचं नाव होतं, खाली दोन पानं मजकूर, शेवटचं वाक्य अर्धवट. या कच्च्या की पक्क्या? फोन लावला, बाईंनी उचलला नाही. ती रिक्षा करून देवपूरला त्यांच्या घरी गेली.

बाई वाळवणाचे पापड उलटत होत्या. संघमित्राने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, न वाढवता, न कमी करता. बाईंनी हातातला पापड खाली ठेवला.

"मी तर लॅपटॉप रिकामा करून दिला गं. दुसऱ्याची वस्तू परत करताना त्यात आपलं काही ठेवू नये."

"तुमच्या लॅपटॉपवर पुसलं की ड्राइव्हवरही पुसलं जातं, बाई. ते फोल्डर जोडलेलं होतं."

"लॅपटॉपने विचारलं होतं मला. सगळीकडून काढलं जाईल, चालेल का? मी म्हटलं, हो बाबा, सगळीकडूनच काढायचंय." त्या पापडांकडे बघत राहिल्या. "मला वाटलं, लॅपटॉपमध्येच सगळीकडून."

"आणि एकत्र का केलं होतं?"

"नवीन बाईंना शोधायला सोपं जावं म्हणून. दोन दिवस बसले. तो सारखा विचारायचा, त्याच नावाची फाइल आहे, बदलू का? मी हो म्हणत गेले. अर्ध्यावर जमेना, तसं सगळंच पुसून टाकलं. वाटलं, मूळ तर ड्राइव्हवर आहेच."

संघमित्राने चौदा फाइलींचं विचारलं.

"त्या माझ्या टिपा. यंदा चौदा मुलं बोलण्याच्या बेतात आहेत. कोण कशाने गप्प होतं, कोणाला चित्र दाखवलं की आवाज फुटतो, कोणासमोर ओठ झाकायचे नाहीत. पुढच्या माणसाला कळावं म्हणून लिहिलं, म्हणून तेवढ्या पुसल्या नाहीत. पुरं झालं नाही."

"त्या आधी बाहेर काढते. मागे गेल्यावर त्या दिसणार नाहीत."

"मी येऊ का तुझ्याबरोबर?"

"या."

बाईंनी पापडांवर जुनी साडी पांघरली आणि चपला घातल्या.

शाळेत आल्यावर संघमित्राने कामिनीचे त्रेचाळीस रिपोर्ट आणि बाईंच्या चौदा टिपा पेनड्राइव्हवर घेतल्या. कागदावर एकेकापुढे खूण केली. बाईंचा जमा केलेला लॅपटॉप कपाटात बंदच आहे ना, पुन्हा ड्राइव्हला जोडला जाणार नाही ना, हे पाहिलं. मग मघाचीच ओळ पुन्हा निवडली आणि 'रिस्टोअर' दाबलं.

त्यानंतर काही घडलं नाही. एक पट्टी हळूहळू सरकत राहिली. वना व्हरांड्यात बसून होता. मुलगी भिंतीवरची चित्रं बघत होती. त्याला चहा दिला, त्याने अर्धा मुलीला दिला. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या, पर्स मांडीवर. योगराज सर दोनदा येऊन पाहून गेले. दुसऱ्यांदा येताना त्यांनी स्वतः बाईंसाठी पाणी आणलं.

साडेतीनच्या सुमारास काम पूर्ण झाल्याची सूचना आली. संघमित्राने 'आवाज' उघडलं. चौऱ्याहत्तर फोल्डरं, नावानिशी. तिने दहा मुलांची फोल्डरं उघडून संख्या ताडून पाहिली, मग दिपमालाचं. पाच वर्षांची, साठच्या वर रेकॉर्डिंग्ज. पेनड्राइव्हवरचे रिपोर्ट आणि टिपा तिने परत ड्राइव्हवर ठेवल्या.

नाशिकच्या डॉक्टरांना तीन वर्षांची हवी होती. कामिनीने वनाला आधी सगळ्यात जुनी ऐकवली. चार वर्षांच्या मुलीचा एक लांबट, घसा खरवडणारा आवाज, त्यामागे बाईंचा 'पुन्हा, पुन्हा'. वनाने मुलीकडे पाहिलं.

"हाई मन्ही पोर शे?"

"तुमचीच," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तेव्हा ती माझा हात चावायची."

दिपमालाला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. ती बाईंच्या पर्सची चेन उघडत-लावत होती.

एक चूक संघमित्राचीही झाली. नवीन काय तयार झालं हे तिने लिहिलं, पण जुन्या फाइलींमध्ये काय बदललं हे बघायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सर आपली प्रवेशाची यादी घेऊन आले. अकरा नावं होती, आता सहाच दिसत होती. तिने त्या फाइलची व्हर्जन हिस्टरी, म्हणजे जुन्या प्रतींची यादी, उघडली. बारा जूनची प्रत तिथे होती, ती परत आणली. सरांना तिने सांगितलं, "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं." सर म्हणाले, "बरं झालं, एवढंच राहिलं." थट्टा त्यांनी केली नाही.

निरोपाचा कार्यक्रम पुढच्या शनिवारी झाला. भाषणांत या प्रकरणाचा कोणी उल्लेख केला नाही. नंतर चहाच्या वेळी बाईंनीच तो विषय काढला, सगळ्यांसमोर, आणि स्वतःवर थोडं हसल्या. अर्धवट राहिलेल्या टिपा पुऱ्या करायला त्या आता मंगळवारी येतात आणि कामिनीशेजारी बसतात. चौदांपैकी नऊ झाल्यात. बाईंचं म्हणणं आहे की कामिनी फार भरभर बोलते. कामिनीचं म्हणणं आहे की बाई बरोबर सांगतात.

संघमित्राने वस्तू परत घेण्याच्या फॉर्मात एक ओळ वाढवली आहे: लॅपटॉप जमा करताना आधी शाळेचं खातं त्यातून काढावं, मगच आतल्या फाइली पुसाव्यात. सुट्टीतही ती आता आठवड्यातून एकदा ऑफिसचा मेल उघडते. नेमणूक अजून तात्पुरतीच आहे. साडेआठची गाडी बहुतेक पावणेनऊला येते.