पाट मांडलाय

तळोद्याच्या मंगलाबाईंचा जगात कोणावर विश्वास नाही. दूधवाल्याच्या दुधात त्या बोट बुडवून बघतात, भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघतात आणि देवळातला प्रसादसुद्धा आधी हुंगतात. त्यांना कोणी चांगलं म्हटलं, की याला काय हवं असेल याचा विचार त्या घरी पोचेपर्यंत करतात. स्वभाव आहे. त्याला औषध नाही, आणि असतं तरी ते भेसळीचं असेल असं म्हणून त्यांनी घेतलं नसतं.

या स्वभावाचं तेज दिवाळीच्या आधी दिसायचं. गावातल्या बायका पीठ, तूप, साखर घेऊन नजीरभाईंच्या भट्टीवर नानकटाई भाजून आणायच्या. बाकीच्या जणी डबे ठेवून बाजार उरकून यायच्या. मंगलाबाई मात्र भट्टीसमोर पाट टाकून बसायच्या. आपलं साजूक तूप मळताना डालड्याच्या डब्यात जाईल, आपला नानकटाईचा पत्रा दुसरीच्या पत्र्याशी बदलला जाईल, ही धास्ती. म्हणून प्रत्येक नानकटाईवर त्या एकेक चारोळी दाबायच्या. ती त्यांची खूण. धुरानं डोळे लाल व्हायचे, पण पाट हलायचा नाही. नजीरभाई त्यांना बसू द्यायचे. धूर मंगलाबाईंच्या बाजूला जायला लागला, की पत्र्याचा एक तुकडा आडवा लावायचे.

पुढे नजीरभाईंचे हात थरथरायला लागले, मुलगा दुसऱ्या धंद्यात गेला आणि भट्टी पाडली. मंगलाबाईंनी घरात ओव्हन आणला. हात मुळात गोड होता. तूप आणि पिठीसाखर पांढरी होईस्तोवर फेसायची, मग मैदा, बेसन, थोडा रवा, वेलची. वर बारीक भेगा पडल्या की त्यांचा चेहरा खुलायचा. नातेवाईक वाहवा करायचे, पण ती वाहवा कसली? भावजय तोंडावर वाईट कशी म्हणेल? मंगलाबाईंच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती. ज्याला आपली भीड नाही अशा एखाद्या माणसानं आपणहून आपली नानकटाई मागावी. तेवढं झालं की जन्मात एकदा खरी पावती मिळाली असं त्या समजणार होत्या.

सून रोहिणीनं इन्स्टाग्रामवर पान उघडलं. फोटो छान आले. अडलं ते नावाखालच्या चार ओळींवर. जागा एवढीशी, त्यात काना-मात्रासुद्धा मोजल्या जातात. रोहिणी लिहायची आणि सासूबाई खोडायच्या.

"शुद्ध लिखू नको. दूधवालाबी शुद्धच म्हनस," मंगलाबाई म्हणाल्या.

"बरं. मोबाईल नंबर टाकस."

"नंबर नको. कोन कोठला फोन करी."

"मंग गल्ली लिखस."

"गल्ली कसाले? घर देखी जाई कोनी."

"आई, मंग लोके मांगतीन कशी?"

"ज्याले पाहिजे तो शोधी लेई."

शेवटी उरलं ते 'मायेनं भाजलेली घरची नानकटाई'. त्यात ना नाव, ना गाव. दिवाळी जवळ आली तरी कोणी काही मागितलं नाही. फोटोंवर लाइकचे बदाम मात्र पडत होते. ते बदाम भाचरंच टाकतात अशी मंगलाबाईंची खात्री होती, आणि या एका बाबतीत त्या बरोबर होत्या.

एकदा मेसेज आला. कोणी हेमांगी, शहाद्याहून. 'तूप खरंच घरचं आहे का? हल्ली सगळेच म्हणतात. आणि मागवायचं कसं, तुम्ही कुठल्या?'

मंगलाबाईंचा पारा चढला. "मन्हा तुपवर शंका? ही कोन इचारनारी?"

रोहिणी ओठ दाबून हसली. ते हसू मंगलाबाईंना झोंबलं. भांडी घासता घासता त्यांचा हात थांबला. ही हेमांगी म्हणजे आपणच की. आपणही हेच विचारलं असतं, आणि उत्तर मिळालं तरी पटलं नसतं. आपल्यासारखीला पटतं कशानं? डोळ्यांनी बघितल्यानं. नजीरभाईंनी 'माझं काम चोख' असं कधी म्हटलं नाही. बसू दिलं, एवढंच.

त्यांनी हात पुसले आणि रोहिणीला बोलावलं. या वेळी त्या सांगत गेल्या आणि सून लिहीत गेली.

'मंगलाबाईची नानकटाई, तळोदा.
तूप घरचं किंवा तुमचं.
आदल्या दिवशी मेसेज करा.
समोर बसून बघा, पाट मांडलाय.'

"आते ज्याले शंका शे तो देखाले ई," मंगलाबाई म्हणाल्या. शंकेखोर माणसाला घरी बोलवायचं त्यांना सुचलं, याचंच रोहिणीला नवल वाटलं. हेमांगीला तेच पाठवलं, तिचं पुढं उत्तर आलं नाही, पण दोन दिवसांत दुसरा मेसेज आला. 'दोन किलो नानकटाई हवी. तूप आमचं. उद्या सकाळी घरचं माणूस घेऊन येईल.' पाठवणारीचं नाव नमिरा.

झालं. कोण नमिरा, कसलं माणूस, स्वतःचं तूप का, यात काही डाव तर नाही? मंगलाबाईंनी सकाळी स्वयंपाकघर दोनदा पुसलं. पाट ओव्हनच्या समोर मांडला. दार वाजलं आणि उघडून बघतात तर नजीरभाई. पांढरी टोपी, काखेत तुपाचा डबा, हात तसेच थरथरत.

"बहेन, तूप लयनू. मन्ही नात नमिरानी मंगनी शे. तिन्हीच तुमनं नाव शोधं," ते म्हणाले.

इतक्या दिवाळ्या मंगलाबाईंनी या माणसाच्या हातांवर नजर रोखली होती. आता हा बसणार, आणि तसाच एकटक बघणार. फेड करायलाच आला असणार. बघू दे, त्यांनी मनाशी म्हटलं, आपण चोख आहोत.

"बठा नजीरभाई. पाट मांडेल शे."

नजीरभाईंनी पाटाकडे पाहिलं. ओव्हनकडे पाहिलं, कारागीर दुसऱ्याचं हत्यार बघतो तसं, बरं वाटून. मग डबा ओट्यावर ठेवला.

"बठाले नही उनू. डबा ठी जास. सांजले पोऱ्याले धाडसू."

"तुम्ही देखनार नही?"

"तुम्ही भाजतस, मंग मी काय देखू?" चपला घालता घालता ते थांबले. "आनि बहेन, चारोळी नका लावू. कोन बदलनार शे?"

ते गेले. मंगलाबाई त्या पाटावर स्वतःच बसल्या. समोर दुसऱ्याचा डबा, आणि बघायला कोणी बसलेलं नाही. त्यांना रडू आलं आणि ते आलं याचा रागही आला. धुराच्या आडोशाचा तो पत्रा त्यांना इतक्या वर्षांनी आठवला. भट्टीवर त्यांनी हातांकडे पाहिलं होतं, माणसाकडे कधी पाहिलंच नव्हतं.

त्या दिवशी नानकटाई नेहमीपेक्षा हळू हातानं वळली गेली. एकीवरही चारोळी नव्हती. उरलेलं तूप त्यांनी निपटून त्याच डब्यात भरलं, झाकण घट्ट लावलं आणि रोहिणीला हाक मारली.

"एक ओळ आजून मावी का?"

"मावी. काय लिखू?"

मंगलाबाईंनी डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून बघितलं.

"लिख. बसायचं नसेल तर ठेवून जा."