७८०५चा कप्पा

रिसोडच्या माझ्या घरी, मागच्या खोलीत, प्लास्टिकच्या छोट्या कप्प्यांचं एक कपाट आहे. रेझिस्टर ओहमच्या चढत्या क्रमाने, कपॅसिटर व्होल्टनुसार, आयसी नंबरानुसार. प्रत्येक कप्प्यावर माझ्या अक्षरातली चिठ्ठी: ‘२२० ओहम, पाव वॅट’, ‘१०४ सिरॅमिक’, ‘१००० मायक्रो, २५ व्होल्ट’, ‘५५५, आठ पायांचा’. नोकरी पतसंस्थेतली, पण जीव या कपाटात. त्याची मला भलती घमेंड होती.

सामान घ्यायला येणारा एकच. जवळच्या रिठद गावचा माझा मित्र, वीस वर्षांपासूनचा. दोन एकर सोयाबीन आणि रात्रंदिवस सोल्डरिंग. सुरुवातीला तो कप्प्यातून रेझिस्टर काढला की रंगांचे पट्टे वाचून किंमत पडताळायचा, आयसी उजेडात धरून नंबर वाचायचा. मला ते झोंबायचं. एकदा मी चार लोकांसमोर त्याला झाडलं, "चिठ्ठी कायले लावली मंग मी? भरोसा नसन तर बजारातून आण." तो ओशाळला. त्यानंतर माझ्या घरी त्याने एकही नंबर वाचला नाही. चिठ्ठी पाहायचा, काढायचा, खिशात टाकायचा. मला हे फार आवडायचं.

मग त्याला वाशिमला एका प्रशिक्षण केंद्रातून निदेशकाच्या, म्हणजे शिकवणाऱ्याच्या, जागेसाठी बोलावणं आलं. मुलाखतीत पाच व्होल्टचा पॉवर सप्लाय तिथल्या तिथे जोडून दाखवायचा होता, सामान ज्याचं त्याने आणायचं. याच जागेसाठी दोन वर्षांपूर्वी मला तोंडी परीक्षेतच घरी पाठवलं होतं. त्याला ते ठाऊक नव्हतं, मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आदल्या दिवशी तो सामान न्यायला आला. १००० मायक्रोचा कपॅसिटर, दोन १०४, चार डायोड, एलईडीसाठी २२० ओहम. शेवटी ७८०५चा कप्पा ओढला. हा आयसी पाच व्होल्ट देतो, सगळा सप्लाय त्याच्यावर उभा. त्या कप्प्यात तेव्हा ७९०५ होते. तो उलट्या, म्हणजे ऋण व्होल्टचा. अंगाने अगदी तसाच, तीन पाय, पाठीला पत्रा, पण पायांचा क्रम वेगळा. ७९०५चा कप्पा आठवड्यापूर्वी फुटला होता, म्हणून मी ते तात्पुरते इथे टाकले होते. ७८०५ संपलेच होते. चिठ्ठी बदलायची राहून गेली.

हे मला त्या क्षणी लख्ख आठवलं. त्याने दोन उचलले, एक कामाला, एक जास्तीचा. चिठ्ठीकडे पाहिलं आणि खिशात टाकले. मी त्याच्या हाताकडे पाहत होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी चहा सांगायला आत गेलो. स्वतःला म्हटलं, दिसेलच त्याला, आंधळा थोडाच आहे. खरं म्हणजे तो पडावा असंच मला वाटत होतं.

पुढचं त्याने आठ दिवसांनी येऊन सांगितलं. बोर्ड देखणा जोडला होता. बटण दाबलं, एलईडी लागला नाही. आयसी खराब असेल म्हणून दुसरा लावला, तोही तसाच. सोल्डर परत तपासण्यात वेळ संपला. मग परीक्षकाने चष्मा सारून आयसी वाचला आणि सगळ्या उमेदवारांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा तर ७९०५ आहे. नंबर वाचता येत नाही आणि शिकवायला निघाले!" लोक हसले.

"वाचून घ्यायचं ना मंग," मी म्हणालो. "डोळे नाहीत काय तुले?"

तो मग शांतपणे म्हणाला, "कप्प्यात चुकून गेले असतीन, असंच वाटलं मले. येतानी गाडीवर आठवलं. मी उचलले तवा तू माह्या हाताकडंच पाहून राह्यला होतास. अन् मंग उठून गेलास."

मी टेबलावरचे सुटे रेझिस्टर गोळा करू लागलो.

"तिथं त्याईनं इचारलं, सामान कुठून आणलं. मी म्हटलं, माहंच आहे. तुह्या कपाटाचं नाव खराब करायचं नव्हतं मले."

त्याने दोन्ही आयसी टेबलावर ठेवले आणि चपला घालायला वाकला. तेव्हाही मला माफी मागता आली असती. पण माझ्या तोंडून निघालं ते हे: "पाय वाकवलेस त्याईचे. आता कोण घेईल ते?"

तो गेला. त्याला आता कुठलंच सामान लागत नाही, असं रिठदचे लोक सांगतात. सोल्डरिंगची गन त्याने विकून टाकली.