मजुरी शून्य

जळगावच्या एमआयडीसीतल्या त्या डाळ मिलमध्ये मेंटेनन्सला तीनच माणसं होती. धम्मपाल सुपरवायझर, कुंदन इलेक्ट्रिशियन आणि झिपरूभाऊ मदतनीस. मालक लीलाधरशेठनी चहा पिता पिता धम्मपालला सांगितलं, खर्च झेपत नाही, पुढच्या महिन्यापासून यातला एक कमी करा. कोण, ते सांगायची गरजच नव्हती. झिपरूभाऊकडे ना आयटीआयचा कागद, ना वय. होतं ते ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, आणि बायकोचं, द्रौपदाबाईचं डायलिसिस त्या कार्डावर चालायचं. नोकरी गेली की आज ना उद्या कार्डही जाणार.

गयावया केल्याने शेठ बधले असते तर गोष्ट वेगळी. त्यांना आकडा लागतो. ठीक आहे, मग आकडाच देऊ, असं धम्मपालने ठरवलं.

मिलमध्ये डाळ निवडणारी दोन सॉर्टेक्स मशिनं होती. काळा दाणा दिसला की हवेच्या फटकाऱ्याने तो बाजूला उडतो. ती हवा पुरवणारा कॉम्प्रेसर विजेचं बिल खात सुटला होता. रविवारी सगळी मिल बंद असताना धम्मपालने तो एकटाच चालू ठेवला. हवा कोणी वापरत नव्हतं, तर टाकी भरून कॉम्प्रेसरने गप्प बसायला हवं होतं. पण दर दहा मिनिटांतली तीन मिनिटं तो पुन्हा धापा टाकत होता. झिपरूभाऊने साबणाचं पाणी पाइपांवर फिरवलं आणि सांध्यासांध्यातून फेस उठला.

"बठ्ठी हवा वाया जाई राहिनी, भाऊ," तो म्हणाला.

धम्मपालने प्रस्ताव लिहायला घेतला. गळती बंद केली तर दोन्ही मशिनांच्या हवेच्या लाइन मिळून महिन्याला पस्तीस ते चाळीस हजारांची वीज वाचेल. सामान अठरा हजारांचं. आधी एकाच लाइनवर महिनाभर प्रयोग, कॉम्प्रेसरला वेगळा मीटर, आणि क्विंटलमागे युनिट किती ते आधीचं आणि नंतरचं. जमलं तरच दुसरी लाइन.

अकाउंट्सच्या ज्योत्स्नाताई टाइप करता करता थांबल्या. "मजुरी किती लावू?"

"शून्य. दोन माणसं, रोज तीन तास, नेहमीच्या ड्यूटीतच, असं लिहा."

"ड्यूटीत वेळ कुठे असतो तुम्हाला? रविवारचा ओव्हरटाइम तरी लावा."

"ओव्हरटाइम दिसला की शेठ पुढचं वाचणार नाहीत, ताई."

त्यांनी शून्य टाइप केलं. शेठनी कागद वाचला आणि माणूस कमी करायचं महिनाभर लांबवायला तयार झाले. इकडे शून्य लिहिणं सोपं होतं, काम मात्र हाडं मोडणारं. शिफ्ट संपली की धम्मपाल आणि झिपरूभाऊ शिडीवर चढायचे, एकेक सांधा उघडून नवा बसवायचे. दवाखान्याच्या दिवशी झिपरूभाऊ द्रौपदाबाईला घरी सोडून परत यायचा. पगाराबाहेरच्या त्या तासांबद्दल त्याने एकदाही विचारलं नाही.

महिना भरला. अर्ध्या कामातच एकोणीस हजारांची वीज वाचलेली मीटरवर दिसली. धम्मपाल उड्या मारतच केबिनमध्ये गेला. शेठ खरोखर खूश झाले, त्यांनी पेढा मागवला.

"शेठ, एका माणसाच्या पगारापेक्षा जास्त वाचलंय," धम्मपाल म्हणाला. "आता झिपरूभाऊला..."

"तेच बोलणार होतो." शेठनी प्रस्तावाचा कागद पुढे ओढला. "हे तुमचंच ना? दोन माणसं, रोज तीन तास, ड्यूटीतच. म्हणजे तुमच्याकडे रोज सहा तास रिकामे असतात. एक माणूस जास्तच आहे म्हणा की."

धम्मपालने घाईने खुलासा केला. "शेठ, ते आम्ही ड्यूटीनंतर केलं. रविवारी केलं. ओव्हरटाइम मागायला नको म्हणून तसं लिहिलं."

"म्हणजे खोटं लिहिलं?" शेठ शांतपणे म्हणाले. "मग हे एकोणीस हजार तरी मी खरे कसे धरू?"

"आकडे खरे आहेत, शेठ. मीटर बघा."

"मग कागदही खरा. दुसरी लाइन तीस तारखेच्या आत उरका. झिपरू आहे तोवर."

धम्मपाल बाहेर आला. हातात पेढा तसाच होता. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. माणूस वाचवायला निघालेल्या शहाण्याने माणसाची मेहनतच हिशोबातून पुसून टाकली होती, आणि तेही स्वतःच्या सहीने.

झिपरूभाऊ कॉम्प्रेसरपाशी उभा होता. धम्मपालच्या हातातला पेढा पाहून त्याचा चेहरा फुलला.

"आते दुसरी लाइन कधय लेवानी, भाऊ?"

"तीस तारखेच्या आत," धम्मपालच्या तोंडून निघालं.

"मंग आजच सुरू करूत," म्हणत झिपरूभाऊने शिडी खांद्यावर घेतली.