रडली तरच गुलाबी

माझा स्वभाव मुळातच संशयी. वर्गात दोन पोरांची उत्तरं एकसारखी आली की मी आधी बाक वेगळे करते, मग विचारते. पण देगलूरच्या दवाखान्यात धाकटी झाली, तेव्हा संशयाची दुसरी बाजू काय असते ते मला कळलं.

दुसरीही मुलगीच. पेढे वाटले गेले, पण वाटणारे हात जरा जड होते, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. त्यातच पहिल्यांदा अंगावर घेतल्यावर पोरगी निळी पडायला लागली, तेव्हा मी तोंडातून अवाक्षर काढण्याआधीच सासूबाईंनी सिस्टरकडे पाहिलं आणि सिस्टरनं माझ्याकडे.

"छाती नाकावर दाबून राहिलाय तुम्ही. बोटानं जरा मागं धरा," सिस्टर म्हणाली.

मी धरली. तरी तेच. दोन घोट घेतले की ओठ निळे, मग नखं. स्तन सोडून ती जोरात रडली की झर्रकन गुलाबी. गप्प झोपली तरी छाती आत ओढायची आणि पुन्हा रंग उतरायचा. रडणारं मूल आजारी असतं, असं जग म्हणतं. माझं मूल रडताना तेवढं धडधाकट दिसायचं.

एवढं कळल्यावर मी वाट बघत बसले नाही. रंग उतरला की तळपायाला चिमटा काढायचा. ती किंचाळायची, तोंड उघडायचं, रंग यायचा. सिस्टरला दोनदा सांगितलं. "बाळंतिणीला असं काहीबाही वाटतं," म्हणाली. मग मीही सांगणं सोडलं. मला सगळ्यांचाच संशय यायला लागला होता: सिस्टरला घाई आहे, सासूबाईंना ही पोर नकोच आहे.

आणि त्यांना माझा. दुपटं बदलताना सासूबाईंना तळपायावरचे लाल वळ दिसले.

"हे काय केलीस गं? लेकरू हाय का वैरी?"

"आई, रडली नाही तर ती निळी पडते."

"दुसरी पोरगी झाली म्हणून राग काढून राहिलीस व्हय?"

माझ्या मनातला नेमका तोच आरोप त्यांनी माझ्यावर केला होता! सिस्टर आली, वळ पाहिले आणि सासूबाईंना हळूच म्हणाली, पण मला ऐकू येईल इतपतच हळू, "बाळाला आईपाशी एकटं ठेवू नका." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पोरगी सासूबाईंच्या मांडीवर गेली. मी खाटेवरून डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. ती रडतेय तोवर माझा जीव भांड्यात.

पण आजीच्या मांडीवर नात रडत कशी राहील? सासूबाईंनी थोपटलं, अंगाई म्हटली आणि शेवटी मधाचं बोट चोखायला दिलं. पोरगी गप्प झाली. ओठ बोटाभोवती मिटले.

"बघ, माझ्यापाशी कशी गप हाय," त्या म्हणाल्या.

"आई, बोट काढा!"

त्यांनी खाली पाहिलं. पोरगी जांभळी पडली होती. त्यांनी बोट ओढून काढलं आणि त्या अशा ओरडल्या की वॉर्डातली सगळी बाळं उठली. आमचीही रडली, आणि गुलाबी झाली.

तेव्हा कुठे बालरोगतज्ज्ञांना बोलावणं गेलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मधेच न तोडता. मग एक बारीक मऊ नळी एका नाकपुडीत सरकवली. थोडी गेली आणि अडली. दुसरीतही तसंच. तोंड मिटवून नाकासमोर कापसाची तार धरली. ती हलली नाही.

"नाकाची मागची वाट जन्मतःच बंद आहे, दोन्हीकडून," ते म्हणाले. "एवढ्या लहान बाळाला तोंडानं श्वास घ्यायचं कळत नाही, ते फक्त रडताना घेतं. दूध पिताना तोंड बंद, नाक बंद. मग हवा यायची कुठून?"

त्यांनी तोंडात श्वासासाठी प्लास्टिकची छोटी वाकडी नळी बसवून चिकटवली, अंगावर पाजणं बंद केलं आणि आम्हाला नांदेडला धाडलं. तिथे स्कॅनमध्ये हाडाचा पडदा दिसला. असा दोष असला की कधी इतरही असतात, म्हणून हृदय, डोळेही तपासले, ते ठीक निघाले. मग नाकातून दुर्बीण घालून वाट मोकळी केली. तोवर दूध तोंडातून पोटात सोडलेल्या नळीनं.

सासूबाई आणि मी या सगळ्यात कामापुरतंच बोललो. माझा राग गेला नव्हता. जायचं कारणही नव्हतं.

मग डॉक्टरांनी पहिल्यांदा अंगावर पाजायला सांगितलं. पोरीनं ओठ मिटले. माझी बोटं आपोआप तिच्या तळपायाशी गेली आणि सासूबाईंनी ते पाहिलं. मला वाटलं, आता हात झटकतील. त्या जवळ सरकल्या, तिच्या ओठांवरची नजर न हलवता.

"लागला तर काढ चिमटा," त्या म्हणाल्या. "मी हाय."

काढावा लागला नाही. पोरगी पीत राहिली, आणि आम्ही दोघी तिच्या ओठांकडे बघत राहिलो.