मखमली म्हटलेली गोधडी

कुडपणच्या रंगूबाईने मखमल आयुष्यात एकदाच हातात धरली, ती माझ्या घरी. भाचीकडे महाडला आली होती, तेव्हा मी तिला माझी जुनी ट्रंक उघडून दाखवली. राणीच्या भूमिकेतली जांभळी चोळी, जरीचा काठ. एका पुराच्या पाण्यात ती ट्रंक बुडाली होती आणि मखमलीची लव जी चिकटून बसली ती पुन्हा उभी राहिली नाही. रंगूबाईने चोळीवरून एकदा वरून खाली, एकदा खालून वर हात फिरवला, मग चोळी उलटी केली आणि आतला मांजरपाट चिमटीत धरून म्हणाली, "बाय माझे! लोकांस्नी वरची बाजू आणि तुमच्या अंगाला ही?"

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. तीस-चाळीस वर्षं मी नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडले. मखमल प्रेक्षकांसाठी होती. आमच्या काखेत मांजरपाट घासायचा, आणि तरी समोर दिवे लागले की आम्हाला वाटायचं, अंगावर खरंच मखमल आहे. आजही कधी हात ट्रंकेकडे जातो, पण आता तिथे नुसतं कडक झालेलं कापड आहे.

रंगूबाई मात्र अशा वाटण्यावर जगणारी नव्हती. नवरा रामा गेला तेव्हा पदरात मुलगा दीपेश, आणि त्याच सालात बहीण गेली म्हणून तिची चार वर्षांची अनुपमा. वरी-नाचणीची शेती सांभाळत दोन्ही पोरं तिने वाढवली. दीपेश मुंबईला नोकरीला लागला. अनुपमा लग्न होऊन महाडला आली. तिचा नवरा रितेश एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळ्यांवर असतो आणि दोघं माझ्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतात. रंगूबाई कुडपणला एकटी राहिली.

तिला मुंबईला न्यायचं दीपेशने किती तरी वेळा ठरवलं. "आई, रूम मोठी घेतलीय, टेन्शन नको घेऊ, बस बॅग भर," असं तो फोनवर म्हणे. आणि दर वेळी ती म्हणे, "यीन रे, भात काढून यीन." मग नाचणी काढून. मग शिमगा झाला की. गेल्या साली तिची कारणं संपत आली होती. तेवढ्यात अनुपमाला सुचलं की मावशीच्या गोधड्या इंटरनेटवर विकायच्या. शेजारची सोनाबाई आणि आणखी दोघी-तिघी रंगूबाईच्या पडवीत दुपारच्या जमू लागल्या. दीपेशचा फोन आला की रंगूबाई ऐटीत सांगे, "आता कुठं येऊ रे? मला काम हाय. चार बायका माझ्यावर अवलंबून हायत."

एवढ्यासाठी ते दुकान चालणं गरजेचं होतं, आणि ते बंद पडायच्या बेताला आलं.

एका सकाळी अनुपमा पुठ्ठ्याचा खोका घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "काकू, तिसरी परत आली."

"कोणाकडून?"

"नाशिकहून. बघा काय लिहिलंय." तिने फोन पुढे केला. चष्मा लावून मी वाचलं. लिहिणाऱ्या बाईंचा राग रास्त होता. 'सिल्की आणि मखमली मऊ असं वाचून मागवली. आली ती खरखरीत. घडी मोडताना पापड मोडल्यासारखी वाटली. वर्णनाशी काहीही जुळत नाही.'

"पापड!" मी म्हटलं. "बाई लिहितात झकास."

"काकू, मस्करी नको. साइटचा निरोप आलाय. वर्णन जुळत नाही म्हणून अजून एक तक्रार आली, की गोधडीचं पान काढून टाकणार."

मी खोका उघडला. नव्या सुती कापडाची गोधडी, निळी आणि गव्हाळी, धावदोऱ्याच्या बारीक ओळी, एकीला लागून एक. देखणी. पण हात ठेवला तर कापडाची खळ अजून जिवंत होती; कडा अक्षरशः उभ्या राहत होत्या. जुनी वापरलेली लुगडी गिऱ्हाइकांना नको असतात, म्हणून अनुपमाने नवं कापड आणायला सुरुवात केली होती. आणि रंगूबाई गोधडी धुऊन पाठवत नसे. धुतलेली वस्तू नवी म्हणून देणं तिच्या मनाला पटत नव्हतं.

"तू वर्णन लिहिताना ही हातात घेतली होतीस का?"

"घेतली ना."

"मग वाच बरं मला."

तिने वाचलं. 'रेशमी स्पर्श. मखमली मऊ. अंगाभोवती अलगद लपेटली जाणारी, लोण्यासारखी, हाताने शिवलेली गोधडी.' वाचताना तिचा आवाज बदलला. मी आयुष्यभर आवाज ऐकत आले आहे. पाठ केलेलं वाक्य आणि आठवलेलं वाक्य यांतला फरक मला लगेच कळतो. ही पोरगी समोरची गोधडी वाचतच नव्हती.

"रेशमी लिहिलंस, तर लोकांना आत रेशीम आहे असं वाटणार," मी म्हटलं. "मखमली म्हटलंस तर ते लव शोधणार. यात दोन्ही नाही."

"पण काकू, लोक शोधतात तेव्हा 'सॉफ्ट', 'सिल्की' असंच टाकतात. ते शब्द काढले तर आपली गोधडी कुणाला दिसणारच नाही. खरखरीत गोधडी द्या असं कोण शोधतं?"

मी एवढंच विचारलं, "कुठली गोधडी होती ती, लोण्यासारखी?"

तिने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "मावशीकडची. आम्ही लहानपणी पांघरायचो ती. आईच्या लुगड्यांची."

रविवारी आम्ही दोघी पोलादपूरहून एसटीने कुडपणला गेलो. वर पठारावर नाचणीची कापणी चालली होती. पडवीत रंगूबाई आणि सोनाबाई एकाच गोधडीच्या दोन टोकांना बसून शिवत होत्या.

"आली गो बाय! आनि राणीसाहेब पन!" रंगूबाई मला बघून म्हणाली. "सोने, ऊठ, यांस्नी सतरंजी घाल. राणी हायत, जमिनीव बसतील काय?"

अनुपमाने परत आलेली गोधडी काढून पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. रंगूबाईने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "त्या बाईनं धुतली का?"

"एकदाही नाही. आली तशी पाठवली परत."

"मग तिची काय चूक? राठच लागनार." तिने गोधडीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "तू तिला काय लिवलंस?"

अनुपमाने सांगितलं. सोनाबाईने तोंडावर पदर धरला. "लोन्यावानी? मंग खायाला घेतली आसंल तिनं."

अनुपमाला हसू आलं नाही. "मावशी, ती जुनी काढ ना. आईची."

रंगूबाई आत गेली आणि ती गोधडी घेऊन आली. रंग गेलेला, ठिगळांवर ठिगळं, पण तिने ती सोडली तशी तिच्या मनगटावरून ओघळून खाली आली. मी हात लावला. काय सांगू? नाटकातल्या कुठल्याही कापडाने माझ्या बोटांना असं कधी ओळखलं नव्हतं. अनुपमाने ती गालाला लावली आणि डोळे मिटले.

"बघा काकू. मी खोटं लिहिलं नव्हतं."

"खोटं नाय गो," रंगूबाई म्हणाली. "पन तुला पुरतं आठवत नाय. ही मऊ कुठं होती? तुझी आई गेली त्या साली शिवली मी. तिची दोन लुगडी जुनी होती ती आत गेली, आनि वरून जे लावलं ते तिचं कोरं, घडी न मोडलेलं. तू पयल्या रात्री रडून घर डोक्याव घेतलंस. 'टोचतंय, टोचतंय.' पायानं लाथाडून टाकायचीस. मी परत घालायची."

अनुपमाने डोळे उघडले. "मी?"

"तू नाय तर कोन? किती पावसाळं धुतली ती. वढ्यावर आपटली, उन्हात टाकली. दीपेशनं त्यात मुतून ठेवलं. तू ताप आला की तीच मागायचीस. मऊ कवा झाली, मलाबी नाय कळलं."

अनुपमा त्या गोधडीचं एक ठिगळ बोटांनी चाचपत होती. आईचं कोरं लुगडं कोणतं, ते शोधत असावी. तिला आईचा चेहरा आठवत नाही, हे तिने मला एकदा सांगितलं होतं. स्पर्श आठवतो, असं तिचं म्हणणं होतं.

तिथेच पडवीत तिने फोन काढला आणि जुने शब्द पुसायला घेतले. मी नाटकवाली, मला राहवेना. मी दोन-चार भरजरी वाक्यं सुचवली. तिने ऐकून घेतली आणि एकही लिहिलं नाही. पुन्हा पुन्हा परत आलेल्या गोधडीवर हात ठेवायची आणि एकेक ओळ लिहायची.

'शंभर टक्के सुती कापड. नवी असताना हाताला खरखरीत आणि कडक लागेल, कारण कापडाला खळ आहे. रेशमी नाही, मखमली नाही. वापरण्याआधी थंड पाण्यात भिजवून धुवा. प्रत्येक धुण्याने नरम होत जाते. पूर्ण मऊ व्हायला वर्षं लागतात.'

"शेवटची ओळ काढ," मी म्हटलं. "धंदा बुडेल."

"राहू दे काकू."

आणि धंदा खरंच बसला. पान राहिलं, पण बघणारे आटले. दिवाळी गेली तरी दोनच गोधड्या गेल्या. दीपेश फोनवर म्हणाला, "आई, आता कोणतं काम? चल ना." या वेळी रंगूबाईने कारण दिलं नाही. "बघते," म्हणाली. अनुपमाने ते मला सांगितलं. बघते म्हणजे ती मुंबईला जाणार, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

मग माघात एक अभिप्राय आला. ठाण्याच्या विनीत नावाच्या माणसाने लिहिलेला. 'चार वेळा धुतली. अजून टोचते. आधी सांगितलं होतं म्हणून तक्रार नाही. आमच्या आजीची गोधडी अशीच असणार सुरुवातीला, हा विचार कधी केला नव्हता. वाट बघतोय. बहिणीसाठी अजून एक पाठवा.' त्याच्या बहिणीनंतर तिच्या शेजारणीने मागवली. मग आणखी कुणी. झुंबड नाही उडाली. पण परत एकही आली नाही.

अनुपमाने तो अभिप्राय मावशीला फोनवर वाचून दाखवला. रंगूबाईने तो पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "दीपेशला सांग, सुट्टी काडून ये म्हनावं. मला इथं काम हाय."

त्या वेळी अनुपमाने धीर करून जुनी गोधडी मागितली. आईची. रंगूबाईने साफ नाही म्हटलं. "ती माझ्या बहिनीची हाय. माझ्यासंगं जाईल." वर म्हणाली, "त्या नाशकाच्या बाईनं परत पाठवलेली ठेवली हायस ना? ती घे."

आता सकाळी रितेश पाळीवरून येतो तेव्हा मागच्या अंगणात धोंड्यावर काही तरी आपटल्याचा आवाज येतो. मी खिडकीतून बघते. अनुपमा निळी-गव्हाळी गोधडी पिळते, दोरीवर टाकते, आणि सुकली की तिच्या कडेवरून अंगठा फिरवते.

काल मी विचारलं, "कशी लागते गं?"

"राठ," ती म्हणाली, आणि दुसरी बाजू उन्हाकडे केली.