सापळेवाले सर

क्लासमध्ये त्यांना सगळे ‘सापळेवाले सर’ म्हणत. सराव पेपर काढावेत तर त्यांनीच, आणि त्यातही चिन्हांची अदलाबदल हा त्यांचा हातखंडा. उतावळ्या पोरांचं जे चुकीचं उत्तर येणार, ते सर आधी स्वतः काढत आणि पहिल्याच पर्यायात थाटात बसवत. पोरं फसली की सरांची कळी खुलायची.

त्या दिवशी तपासलेले पेपर वाटून त्यांनी फळ्यावर प्रश्न लिहिला: × म्हणजे अधिक, + म्हणजे भागाकार, ÷ म्हणजे वजा आणि − म्हणजे गुणाकार; तर ८ × १२ + ४ ÷ ३ − २ = किती?

“आधी चिन्हं बदला! ८ + १२ ÷ ४ − ३ × २. आता भागाकार, गुणाकार आधी. आठ अधिक तीन वजा सहा, पाच! डावीकडून आंधळ्यासारखं पळत सुटलं की येतात चार. आणि हे चार कोणाचे? आमच्याच कन्यारत्नाचे!”

वर्ग खो खो हसला. पहिल्या बाकावर त्यांच्या मुलीनं मान खाली घातली.

घरी सरांनी तिचा कच्चा कागद ओढून घेतला. त्यावर सगळ्या पायऱ्या चोख होत्या. शेवटी पाच लिहून खोडले होते.

“अगं, बरोबर आलं होतं की! खोडलंस कशाला?”

“बाबा, माझं कधी काही बरोबर असतं का तुमच्या लेखी? मला पाच वाटतंय म्हणजे पाच नसणारच. म्हणून पहिला पर्याय उचलला.”

सवयीनं सर तिच्या बोलण्यातली चूक शोधत राहिले. सापडली नाही.